भूदोष आणि प्रज्योत-शामक वेटोळे

वादळात झाडाची फांदी उपरी तारेवर पडते, किंवा खांबावरील चिनी मातीच्या निरोधकावर धूळ आणि दव यांचा थर साचून त्यावरून एक ठिणगी खांबाकडे झेपावते. तीन तारांपैकी एक तार अशा रीतीने जमिनीशी जोडली गेली की त्या घटनेला भूदोष म्हणतात. वीज वाहून नेणाऱ्या जाळ्यांत घडणाऱ्या बिघाडांपैकी बहुसंख्य बिघाड याच जातीचे असतात आणि त्यांतील पुष्कळसे क्षणिक असतात. फांदी जळून खाली पडते, पक्षी दूर फेकला जातो. मागे उरते ती केवळ तापलेल्या हवेतून जळत राहिलेली विजेची ज्योत, म्हणजेच प्रज्योत. ती विझली तर बिघाडाचे काहीच कारण शिल्लक राहत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच असतो, की ती विझावी कशी?

याचे एक सरळ उत्तर असे, की वीजपुरवठाच तोडावा. उपकेंद्रातील रोहित्राची तिन्ही गुंडाळ्यांची टोके जेथे एकत्र येतात त्या उदासीन बिंदूला जमिनीशी थेट जोडले, तर भूदोष होताच शेकडो किंवा हजारो अँपिअर प्रवाह वाहतो, तो संरक्षक यंत्रणेला ताबडतोब कळतो आणि सर्किट ब्रेकर उघडतो. भारतातील ११ व ३३ किलोव्होल्टच्या बहुतेक जाळ्यांत हीच रीत आहे. मध्य युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी याच्या नेमकी उलट रीत होती. तेथे उदासीन बिंदू जमिनीशी मुळीच जोडत नसत. प्रवाहाला परतण्याचा मार्गच ठेवला नाही, तर एक तार जमिनीला टेकल्याने काय बिघडणार, असा त्यामागे विचार होता. जाळी लहान होती तोवर तो खराही ठरला.

परंतु परतीचा एक मार्ग नेहमीच उघडा असतो आणि तो कोणालाही बंद करता येत नाही. तार आणि जमीन ही दोन वाहके आणि त्यांच्यामधील हवा हे निरोधक, अशी ही रचना म्हणजे एक लांबच लांब धारित्रच होय. प्रत्यावर्ती दाबाखाली ते सेकंदातून शंभर वेळा भरते व रिकामे होते. म्हणजे तारेला कोठेही छेद नसताना तिच्यातून जमिनीकडे थोडा प्रवाह सतत चालू असतो. जमिनीत पुरलेल्या केबलमध्ये तर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा गाभा आणि त्याभोवतीचे जमिनीशी जोडलेले धातूचे आवरण यांत काही मिलिमीटरांचेच अंतर असते, आणि म्हणून तिची धारिता उपरी तारेच्या कित्येक पट असते.

हे आकडे घालून पाहिलेले बरे. समजा, एका उपकेंद्रातून २२ किलोव्होल्टचे एक जाळे निघाले आहे. त्यात ४२० किलोमीटर उपरी तारमार्ग आणि २५ किलोमीटर केबल आहे. उपरी मार्गाची धारिता प्रत्येक तारेमागे किलोमीटरला सुमारे ०.००५ मायक्रोफॅराड, तर केबलची सुमारे ०.२५ मायक्रोफॅराड धरली, तर प्रत्येक तारेची जमिनीशी असलेली एकूण धारिता ८.३५ मायक्रोफॅराड भरते. त्यातील ६.२५ चा वाटा एकट्या २५ किलोमीटर केबलचा आहे. गावात चार रस्त्यांखाली केबल टाकली की शेतांतून शेकडो किलोमीटर धावणाऱ्या तारांपेक्षा तिचाच भार अधिक होतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

जाळे निर्दोष असताना प्रत्येक तार व जमीन यांतील दाब १२.७ किलोव्होल्ट असतो, आणि ५० कंप्रतेला प्रत्येक तारेतून जमिनीकडे ३३.३ अँपिअर धारिता-प्रवाह वाहतो. तिन्ही प्रवाह एकमेकांपासून तृतीयांश आवर्तनाने मागेपुढे असल्यामुळे त्यांची बेरीज शून्य होते. जमिनीला जणू काही पत्ताच लागत नाही. आता एक तार जमिनीला टेकली. तिचा दाब शून्यावर आला. परंतु तारांतारांमधील दाब रोहित्राने ठरविलेला असल्यामुळे तो बदलत नाही. परिणामी उरलेल्या दोन तारांचा जमिनीशी असलेला दाब १२.७ वरून थेट २२ किलोव्होल्टवर चढतो. त्या प्रत्येकीतून आता ५७.७ अँपिअर जमिनीकडे जाऊ लागतात, त्यांच्यातील अंतरही कमी होऊन आवर्तनाच्या सहाव्या भागाइतके उरते, आणि त्यांची बेरीज १०० अँपिअर होते. हे सर्व शंभर अँपिअर जमिनीतून परत येताना एकाच दारातून आत शिरतात, आणि ते दार म्हणजे दोषाची जागा. प्रज्योतीला इंधन पुरविणारा प्रवाह तो हाच. तो दोष झालेल्या तारेच्या धारितेतून येत नाही, तर निर्दोष तारांच्या धारितेतून आणि जाळ्याच्या सर्व कानाकोपऱ्यांतून गोळा होऊन येतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शंभर अँपिअरची प्रज्योत आपोआप विझत नाही. विझली तरी पुन्हा पेटते, आणि हे पुन्हा पेटणे अधिक घातक असते. प्रवाह शून्यातून जात असता ज्योत क्षणभर मालवली, तर निर्दोष तारांवरील भार अडकून राहतो आणि जाळ्याचा उदासीन बिंदू जमिनीपासून ढळलेलाच राहतो. अर्ध्या आवर्तनानंतर, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, दोष झालेल्या तारेवर नेहमीच्या कमाल दाबाच्या जवळजवळ दुप्पट दाब येतो. तापलेली हवा त्या दाबापुढे टिकत नाही; ज्योत पुन्हा उडते. अशा उघडझाप करणाऱ्या भूदोषाने निर्दोष तारांवरील दाब नेहमीच्या तिपटीपर्यंतही चढू शकतो, आणि मूळ दोषापासून दूर कोठे तरी एखादे दुबळे निरोधन फुटते. जाळी वाढू लागली तशी जर्मनीत ही दुखणी वाढली. डार्मस्टाट येथील प्राध्यापक व्हाल्डेमार पेटरसन यांनी या उघडझापीचा अभ्यास केला आणि १९१६-१७ च्या सुमारास तिच्यावर उपाय सुचविला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

उपाय असा: उदासीन बिंदू जमिनीशी जोडावा, पण तारेने नव्हे, तर लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या एका मोठ्या वेटोळ्यातून. वेटोळे आणि धारित्र यांचे स्वभाव अगदी विरुद्ध असतात. धारित्रातील प्रवाह दाबाच्या पाव आवर्तन पुढे धावतो, वेटोळ्यातील प्रवाह पाव आवर्तन मागे रेंगाळतो. एकाच दाबाखाली दोघांना ठेवले, तर त्यांच्या प्रवाहांत अर्ध्या आवर्तनाचे अंतर पडते. म्हणजे एकाचा प्रवाह ज्या क्षणी जमिनीकडे जात असेल नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्याचा जमिनीकडून येत असतो. भूदोष होताच उदासीन बिंदूवर आपोआप १२.७ किलोव्होल्ट दाब येतो, आणि वेटोळ्यावर व जाळ्याच्या सगळ्या धारितेवर तोच दाब काम करू लागतो. वेटोळे असे बनविले, की या दाबाखाली त्यातून नेमके १०० अँपिअर वाहतील, तर जमिनीतून गोळा झालेले ते शंभर अँपिअर दोषाच्या जागेऐवजी वेटोळ्यातून परततात. दोषाच्या जागी दोन्ही प्रवाह समोरासमोर येतात आणि एकमेकांना खोडून काढतात.

यासाठी वेटोळ्याचा रोध १२७ ओहम, म्हणजे त्याचे प्रवर्तकत्व सुमारे ०.४ हेन्री असावे लागते. तिन्ही तारांच्या मिळून होणाऱ्या २५ मायक्रोफॅराड धारितेशी ते ५० कंप्रतेवर जुळते. झोपाळ्याला त्याच्या अंगच्या लयीत धक्का द्यावा तसे वेटोळे आणि धारिता यांच्यात ऊर्जा मागेपुढे झुलत राहते. त्यांना बाहेरून प्रवाह मागावा लागत नाही. या जुळण्याला अनुस्पंदन म्हणतात, आणि म्हणून असे जाळे अनुस्पंदी भूसंपर्काचे जाळे म्हणून ओळखले जाते. ग्राहकांना यातले काहीच जाणवत नाही. त्यांची रोहित्रे तारांतारांमध्ये जोडलेली असतात आणि तो दाब जसाच्या तसा राहतो. दिवे जळत राहतात, गिरणी चालू राहते आणि फांदी आपली आपण जळून पडते.

प्रवाह कमी होणे हा वेटोळ्याचा अर्धाच गुण आहे, आणि पुष्कळ लिखाणांत तेवढाच सांगितला जातो. ज्योत विझल्यावर काय होते, हे त्याहून मोलाचे आहे. वेटोळे आणि धारिता यांची झुलण्याची लय जवळजवळ ५० कंप्रतेचीच असल्यामुळे ज्योत विझल्यानंतरही उदासीन बिंदूवरील दाब त्याच लयीत हळूहळू ओसरत जातो. रोहित्राचा दाब आणि ओसरणारा हा दाब यांच्यातील वजाबाकी म्हणजे दोष झालेल्या तारेवरचा दाब. तो आरंभी शून्य असतो आणि हळूहळू वाढत जातो. वर मानलेल्या जाळ्यात तो पूर्वपदावर यायला सेकंदाच्या पाचव्या भागाहून बराच अधिक काळ लागतो. वेटोळे नसताना याच कामाला सेकंदाचा शंभरावा भाग पुरत होता. एवढ्या अवकाशात हवा निवते आणि पुन्हा निरोधक बनते. जर्मन मानकांत १० ते २० किलोव्होल्टच्या उपरी जाळ्यांत ज्योत आपोआप विझण्याची मर्यादा वेटोळ्यावाचून ३५ अँपिअर आणि वेटोळे असताना उरलेल्या प्रवाहाची ६० अँपिअर मानली जाते, ती याच कारणाने. प्रवाह अधिक असूनही ज्योत विझते, कारण तिला पुन्हा पेटविणारा दाब उशिरा येतो.

तरीही दोषाच्या जागचा प्रवाह कधीच शून्य होत नाही. वेटोळ्याच्या तांब्यात व लोखंडात ऊर्जा खर्च होते, ओल्या निरोधकांवरून थोडी गळती होते. हा प्रवाह दाबाच्या पावलावर पाऊल टाकून चालतो. तो पुढेही धावत नाही आणि मागेही रेंगाळत नाही, म्हणून वेटोळ्याने तो खोडला जात नाही. शंभर अँपिअरच्या जाळ्यात तो सुमारे ३ अँपिअर धरावा. शिवाय आधुनिक यंत्रांमुळे जाळ्यात ५० च्या पाचपट कंप्रतेचेही प्रवाह असतात. त्या कंप्रतेला धारिता पाचपट सुलभ आणि वेटोळे पाचपट बिकट होते, म्हणून वेटोळ्याची मात्रा तेथे पंचविसाव्या हिश्शानेच चालते. आणि तिसरी उणीव माणसाने मुद्दाम ठेवलेली असते: वेटोळे क्वचितच अगदी अचूक जुळवितात.

ते का, हे निर्दोष जाळ्याकडे पाहिले म्हणजे कळते. तीन तारांच्या धारिता कागदावर सारख्या असतात, खांबावर नसतात. मधली तार आणि कडेच्या तारा यांत किंचित फरक असतोच. त्यामुळे वेटोळे जोडण्यापूर्वीही उदासीन बिंदूवर थोडा दाब असतो. वरच्या जाळ्यात तो तारेच्या दाबाच्या ०.३ टक्के, म्हणजे ३८ व्होल्ट आहे असे धरू. वेटोळे अचूक जुळविताच अनुस्पंदन या क्षुल्लक विषमतेलाही फुगविते. गळतीचे प्रमाण ३ टक्के असेल तर दाब १० टक्क्यांवर, म्हणजे १,२७० व्होल्टवर जातो. कोठेही बिघाड नसताना एक तार जमिनीच्या थोडी जवळ आणि दुसरी थोडी दूर गेल्यासारखी भासू लागते. वेटोळे ५ टक्के बाजूला सरकविले, की हाच दाब सुमारे ६५० व्होल्टवर उतरतो. वेटोळ्याच्या जुळणीची खूणही येथेच मिळते. पूर्वी वेटोळ्याच्या गुंडाळ्या हाताने बदलत. आता मोटर लावून गाभ्यातील हवेची फट कमी-अधिक करतात आणि उदासीन बिंदूचा दाब पाहत राहतात. तो सर्वांत वर चढला की जुळणी साधली असे समजते, आणि मग तेथून थोडे बाजूला सरकतात.

बाजूला, पण कोणत्या बाजूला? येथे अनुभवी अभियंते एकाच दिशेला कौल देतात. वेटोळे ९५ अँपिअरवर ठेवले आणि ५ अँपिअर धारितेची एक शाखा दुरुस्तीसाठी काढली, तर जाळे आपल्या पायांनी चालत नेमके अनुस्पंदनावर येऊन उभे राहते. कोणी काही केलेले नसताना दाब उसळतो आणि भूदोषाची खोटी सूचना वाजू लागते. वेटोळे १०५ वर ठेवलेले असेल, तर शाखा सुटल्यावर जाळे अनुस्पंदनापासून दूरच जाते. म्हणून थोडे जास्तीचे वेटोळे बरे मानतात. अर्थात दूर जाण्यालाही किंमत असते. पाच किलोमीटर केबल आणि साठ किलोमीटर उपरी तार असलेली शाखा एकदम सुटली, तर १८.६ अँपिअरची तफावत पडते आणि आधीचे पाच धरून दोषाच्या जागी साडेतेवीस अँपिअर उरतात. जाळ्यात दररोज अशा जोडण्या-तोडण्या चालू असतात, म्हणून वेटोळ्यालाही पाठोपाठ सरकावे लागते.

दोष क्षणिक नसून कायमचा असेल तर वेटोळ्याच्या गुणांचेच दोष होतात. तार तुटून जमिनीवर पडली आहे, पण तिच्यातून पाच-सहा अँपिअरच वाहत आहेत. शेजारच्या शाखेत शंभर अँपिअरचा नेहमीचा भार चालू आहे. कोणती शाखा सदोष आहे हे प्रवाह मोजून कळणार नाही. म्हणून गळतीच्या त्या तीन अँपिअरांचा शोध घेतात, कारण निर्दोष शाखांत त्यांची दिशा एक आणि सदोष शाखेत दुसरी असते. कधी वेटोळ्याला एक रोधक क्षणभर जोडून त्यांत भर घालतात. तोवर इतर दोन तारा जमिनीपासून २२ किलोव्होल्टवर उभ्या असतात. दूरच्या एखाद्या गावातील केबलचा जुना जोड तेवढ्यात फुटला, तर दोन ठिकाणी दोन निराळ्या तारा जमिनीला मिळतात. मग प्रवाह एका तारेतून जमिनीत आणि जमिनीतून दुसऱ्या तारेत जातो, आणि उदासीन बिंदूवरचे वेटोळे केवळ साक्षीदार उरते. केबलची आणखी एक अडचण आहे. हवा जळली तरी पुन्हा भरून येते. केबलचे निरोधन एकदा जळले की जळले. तेथे वेटोळे दोष बरा करीत नाही, फक्त वेळ मिळवून देते.

उरलेल्या पाच-सहा अँपिअरांनी काय होऊ शकते, हा प्रश्न शंभर वर्षे फारसा कोणी विचारला नव्हता. प्रज्योत विझली, पुरवठा टिकला, यात युरोपचे समाधान होते. तो प्रश्न ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने विचारला. तेथे ७ फेब्रुवारी २००९ रोजी भडकलेल्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली. राजकीय चौकशी आयोगाने त्या दिवशीच्या ११ मोठ्या वणव्यांपैकी ५ वणव्यांचे मूळ विजेच्या साधनांतील बिघाडांत असल्याचे नोंदविले. सुकलेल्या गवतावर पडलेली तार आग लावण्यास किती प्रवाह मागते? हजार अँपिअरचे तर नावच नको. सर्किट ब्रेकर उघडेपर्यंत आग लागलेली असते. पण पाच अँपिअरही त्या कामाला भरपूर होतात.

राज्यातील उपकेंद्रांवर शामक वेटोळ्यांच्या चाचण्या झाल्या: २०१४ मध्ये फ्रँकस्टन साउथ येथे आणि २०१५ मध्ये किलमोर साउथ येथे. त्यांच्या आधारे २०१६ मध्ये नियम करण्यात आला. २२ किलोव्होल्टच्या जाळ्यात ४०० ओहम रोधातून भूदोष झाला, तर त्या तारेचा दाब ८५ मिलिसेकंदांत १,९०० व्होल्टवर, अर्ध्या सेकंदात ७५० वर आणि दोन सेकंदांत २५० व्होल्टवर आला पाहिजे. २५,४०० ओहमच्या दोषातही दोन सेकंदांत २५० व्होल्टच गाठायचे आहेत. नियमाने प्रवाहाऐवजी तारेवर उरलेल्या दाबाचे माप धरले, हे लक्षणीय आहे.

आपले मानलेले जाळे या मापाला लावून पाहता येईल. थेट जमिनीशी जोडलेल्या जाळ्यात ४०० ओहमच्या दोषातून सुमारे ३२ अँपिअर वाहतात. वेटोळे ५ टक्के जास्तीचे ठेवले असता तेथे सुमारे ५.३ अँपिअर वाहतात आणि तारेवर सुमारे २,१०० व्होल्ट उरतात. पहिली पायरीही हुकते. तीच जुळणी अगदी अचूक केली तर वेटोळ्याने खोडता न येणारे तीन अँपिअरच काय ते मागे राहतात, तरी तारेवर सुमारे १,१०० व्होल्ट असतात. म्हणजे वेटोळे कितीही काळजीपूर्वक जुळविले तरी एकटे त्या नियमाला पुरे पडत नाही. म्हणून व्हिक्टोरियात वेटोळ्याच्या दुय्यम गुंडाळीला इलेक्ट्रॉनिक प्रवाह-जनक जोडण्यात आले. दोष होताच ते उरलेला प्रवाह मोजतात आणि गळतीच्या वाट्यासह नेमका तेवढाच उलट प्रवाह उदासीन बिंदूत सोडतात. धारितेचे शंभर अँपिअर वेटोळे खोडते, गळतीचे तीन हे यंत्र खोडते. तारेचा दाब २५० व्होल्टवर आला, की ४०० ओहममधून अर्ध्या अँपिअरहून थोडाच अधिक आणि २५,४०० ओहममधून जेमतेम एक शतांश अँपिअर वाहतो.

ही यंत्रणा बसविताना जुने अनुभव नव्याने घ्यावे लागले. त्या जाळ्यांची साधने थेट भूसंपर्काच्या हिशेबाने निवडलेली होती. इतर दोन तारा २२ किलोव्होल्टवर चढताच वीजपातापासून रक्षण करणारी कित्येक उपकरणे तो दाब सोसणारी नाहीत असे दिसून आले आणि ती बदलावी लागली. तारांच्या धारितांतील तो क्षुल्लक फरकही येथे क्षुल्लक राहिला नाही. अतिशय लहान दोष ओळखायचा तर निर्दोष स्थितीतील दाब आधी शांत असावा लागतो. म्हणून तारमार्गांवर तारांची अदलाबदल करून आणि जागोजाग लहान धारित्रे बसवून तिन्ही तारांचे पारडे सारखे करण्यात आले.

एका ठिकाणी मात्र या वेटोळ्याची सत्ता पोहोचत नाही. विरळ वस्तीच्या भागात व्हिक्टोरियात एकच तार नेतात आणि परतीचा प्रवाह जमिनीतून आणतात. त्या तारेला वेगळ्या रोहित्रातून पुरवठा होतो आणि त्या रोहित्राची दुसरी बाजू स्वतंत्रपणे जमिनीशी जोडलेली असते. म्हणून तेथील भूदोष २२ किलोव्होल्टच्या उपकेंद्राला भूदोष म्हणून दिसतच नाही, आणि जमिनीत जाणारा प्रवाह तर तेथे नेहमीचाच असतो. २००९ च्या त्या दिवशी ११९ जणांचा बळी घेणारा किलमोर ईस्टचा वणवा अशाच एका एकतारी मार्गावरील तार तुटल्याने लागला होता.